तीन वर्षांचं मशीन की पाच वर्षांचं? एनपीव्ही एक सांगतो आणि ईएए दुसरंच

वाचकाचं पत्र

आमचं छोटं मॅन्युफॅक्चरिंग युनिट आहे, मी आणि माझा भागीदार मिळून चालवतो. एका कामासाठी मशीन घ्यायचंय, दोनपैकी एकच घेता येईल. ए मशीन २० लाखाचं आहे, तीन वर्षं चालतं, आणि खर्च-टॅक्स जाऊन वर्षाला ११ लाख हातात येतील. बी ३६ लाखाचं, पाच वर्षं चालतं, वर्षाला १२.४ लाख. शेवटी भंगाराचे पैसे धरलेले नाहीत. १२ टक्क्यांनी एनपीव्ही काढला तर ए चा ६.४२ लाख येतो आणि बी चा ८.७० लाख, म्हणून मी बी म्हणतोय. भागीदार म्हणतो आयुष्य वेगळं असलं की एनपीव्ही असा थेट लावायचाच नसतो, इक्विव्हॅलंट अॅन्युअल अॅन्युइटी म्हणजे ईएए काढायची, आणि ती काढली तर ए जिंकतं. ज्या ग्राहकाचं काम आहे त्याच्याशी पाच वर्षांचा करार आहे, दर फिक्स. दोघांचे आकडे बरोबर आहेत, मग ऐकायचं कोणाचं?

उत्तर

नमस्कार,

आकडे मी तपासले, दोघांचेही बरोबर आहेत. एक्सेलमध्ये हे असं येतं, ज्यांना स्वतःच्या केसमध्ये करून बघायचंय त्यांच्यासाठी टाकतोय:

```
=NPV(12%,11,11,11)-20                      6.42
=PMT(12%,3,-6.42)                          2.67
=NPV(12%,12.4,12.4,12.4,12.4,12.4)-36      8.70
=PMT(12%,5,-8.70)                          2.41
```

(सुरुवातीचे २० आणि ३६ कंसाच्या बाहेर ठेवलेत ते मुद्दाम. एक्सेलचा NPV पहिला आकडा एक वर्षानंतरचा समजतो, त्यामुळे आजचा खर्च आत टाकला की तोही एक वर्ष पुढे ढकलला जातो आणि सगळंच थोडं कमी दिसतं. PMT मध्ये उणे चिन्ह विसरलं तर उत्तर उणे येतं, त्याला घाबरू नका.)

तर मुद्दा गणिताचा नाहीच. तुम्ही आणि भागीदार दोघं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं काढताय असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही दोन वेगळे प्रश्न सोडवताय. आणि गंमत म्हणजे तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य, ते कराराचं, त्या दोन्ही प्रश्नांत बसत नाही. त्यामुळे माझं मत विचाराल तर तिसरा प्रश्न सोडवायला लागेल. पण आधी भागीदाराचा २.६७ म्हणजे काय ते नीट बघू, कारण ईएए वापरणाऱ्या बऱ्याच लोकांना तो आकडा कसा काढायचा ते येतं पण तो काय आहे ते विचारलं की गडबडतात.

२.६७ म्हणजे काय

मशीन विकत घेण्याऐवजी कोणी तुम्हाला ते भाड्याने दिलं असतं तर त्याने वर्षाला किती भाडं मागितलं असतं, असा विचार करा. त्याने २० लाख गुंतवले, त्याला त्यावर १२ टक्के हवेत, आणि तीन वर्षांत मशीन संपणार म्हणून मुद्दलही परत यायला हवं. ते भाडं येतं ८.३३ लाख. पटत नसेल तर चालवून बघा: पहिल्या वर्षअखेर २० चे २२.४ झाले, त्यातून ८.३३ भाडं आलं, उरले १४.०७. दुसऱ्या वर्षअखेर त्याचे १५.७६, परत ८.३३ गेले, उरले ७.४३. तिसऱ्या वर्षी त्याचे ८.३३ होतात, शेवटचं भाडं येतं आणि खातं शून्य. म्हणजे त्याचं व्याजही निघालं आणि मुद्दलही.

आता तुमच्या हातात वर्षाला ११ येतात, त्यातून ८.३३ हे मशीनचं भाडं गेलं, उरले २.६७. हाच ए चा ईएए. बी चं याच हिशोबाने भाडं ९.९९ बसतं, १२.४ मधून ते गेलं की २.४१. एनपीव्ही काढून त्याला अॅन्युइटी फॅक्टरने (१२ टक्क्यांना तीन वर्षांचा २.४०१८, पाच वर्षांचा ३.६०४८) भागलं तरी हेच आकडे येतात, पण भाड्याच्या रस्त्याने गेलं की दिसतं की हे २.६७ लाख कुठल्याही बँक स्टेटमेंटवर येणार नाहीयेत. हातात ११ च येणार. २.६७ हा भांडवलाची किंमत वसूल झाल्यावर मशीनने वर्षाला दिलेला वरचा फायदा आहे.

काही जण एनपीव्हीला सरळ वर्षांनी भागतात, ६.४२ भागिले ३ म्हणजे २.१४ आणि ८.७० भागिले ५ म्हणजे १.७४. तुमच्या केसमध्ये त्यानेही ए च पुढे येतं पण ते योगायोगाने, कारण तसं भागताना पाचव्या वर्षाचा रुपया आणि पहिल्या वर्षाचा रुपया सारखाच धरला जातो आणि लांब आयुष्याच्या मशीनवर नेहमी जास्त अन्याय होतो. ते करू नका.

तुम्ही दोघं काय काय गृहीत धरताय

तुम्ही ८.७० आणि ६.४२ शेजारी ठेवले तेव्हा बी ची पाच वर्षं मोजली गेली आणि ए ची तीनच. मग चौथ्या आणि पाचव्या वर्षी ए वाल्या जगात काय चाललंय? तुमच्या हिशोबात तिथे काहीच नाही, म्हणजे अगदी नेमकं सांगायचं तर ए मधून मोकळे झालेले पैसे कुठेतरी बरोब्बर १२ टक्क्यांनी लागलेत, ना कमी ना जास्त, आणि तशा गुंतवणुकीचा एनपीव्ही शून्य असतो. काही धंद्यांत हे अगदी खरं असतं, एकदाचं काम आहे, झालं की दुकान बंद, मग साधा एनपीव्हीच बरोबर. पण तुमचा करार पाच वर्षांचा आहे, ग्राहक चौथ्या वर्षी माल मागणारच, आणि तेव्हा शेडमध्ये मशीन नाही असं तर होणार नाही. म्हणून तुमचा प्रश्न तुमच्याच परिस्थितीला लागू होत नाही.

भागीदाराने ईएए काढला तेव्हा त्याने याच्या बरोबर उलट टोक धरलं. ईएएची तुलना तेव्हा खरी ठरते जेव्हा ए संपलं की परत ए घेतलं, ते संपलं की परत, आणि बी संपलं की परत बी, आणि दर वेळी मशीन त्याच किमतीला मिळालं आणि कमाईही तेवढीच राहिली. तीन आणि पाचचा लसावि १५, म्हणजे पंधरा वर्षांत ए पाच वेळा आणि बी तीन वेळा. त्या पंधरा वर्षांचा एनपीव्ही काढला तर ए चा साधारण १८.२ लाख आणि बी चा १६.४ लाख येतो. पुस्तकांत याला रिप्लेसमेंट चेन म्हणतात आणि ईएए हा त्याचाच शॉर्टकट आहे, दोन्हीचा निकाल नेहमी एकच लागतो, त्यामुळे दोन्ही करून "बघा दोन मेथडने सिद्ध झालं" असं कोणी म्हणालं तर त्याला फार महत्त्व देऊ नका, ते एकच गृहीतक दोनदा मोजलंय.

आता भागीदाराला विचारा की पंधरा वर्षं हेच काम, याच दराने चालणार आहे का? करार तर पाच वर्षांनी संपतोय. आणि पाच वर्षं ही ए च्या दृष्टीने फार अवघड जागा आहे, एक मशीन पूर्ण आणि दुसरं दोन तृतीयांश. ईएए ते दुसरं मशीन पूर्ण वापरलं जाणार असं धरून चालतो. त्या दुसऱ्या मशीनच्या तिसऱ्या वर्षाची कमाई कुठून येणार, ते त्याने विचारलेलंच नाही.

मग पाच वर्षांचाच हिशोब करू

बी चं सोपं आहे, पाच वर्षांत बसतंय, ८.७०.

ए चं असं करायचं. पहिल्या मशीनचे ६.४२ आहेतच. तिसऱ्या वर्षअखेर दुसरं मशीन घ्यायचं, समजा आत्ताच्याच किमतीला, २० लाख. ते दोन वर्षं चालवायचं, ११ आणि ११, आणि पाचव्या वर्षअखेर विकून टाकायचं. त्याच्यात अजून एक वर्ष जीव शिल्लक आहे त्यामुळे कोणीतरी काहीतरी देईलच. किती देईल हा खरा प्रश्न.

तिसऱ्या वर्षात उभं राहून बघितलं तर ११ आणि ११ ची किंमत १२ टक्क्यांनी १८.५९ लाख होते. खर्च २०. म्हणजे विक्रीची किंमत सोडली तर दुसऱ्या मशीनवर १.४१ लाखाचा तोटा. दोन वर्षांसाठी तीन वर्षांचं मशीन घेतलं की असंच होणार. आता बी ला गाठायचं तर आजच्या हिशोबाने २.२८ लाख भरून काढायचे आहेत, तिसऱ्या वर्षाच्या हिशोबाने ते ३.२० होतात. म्हणजे विक्रीतून १.४१ चा खड्डा पण भरायचा आणि वर ३.२० पण मिळवायचे, एकूण ४.६१, आणि हे पैसे पाचव्या वर्षी मिळणार म्हणून दोन वर्षं पुढे नेले की होतात ५.७८ लाख.

तर हा आहे तुमचा आकडा. दुसरं मशीन दोन वर्षं वापरून ५.८ लाखाच्या वर विकलं गेलं तर ए, नाहीतर बी. २० लाखाचं मशीन, दोन तृतीयांश आयुष्य गेलेलं, म्हणजे नव्याच्या २९ टक्के किंमत आली पाहिजे. काही मशीनला आरामात येते, स्टँडर्ड असेल, कुठल्याही युनिटमध्ये लागत असेल तर. खास तुमच्या ग्राहकाच्या पार्टसाठी बनवून घेतलेलं असेल तर वजनावर जाईल आणि ५.८ विसरा.

आणि अजून एक. दर फिक्स आहे म्हणालात, म्हणजे तुमची कमाई वाढणार नाही, पण तीन वर्षांनी मशीन विकणारा २० च मागेल याची काही गॅरंटी नाही. तो २३ म्हणाला तर वरचे ३ लाख पण विक्रीतूनच काढावे लागतील आणि मग तो ५.८ चा आकडा होतो ९.५५. म्हणजे नव्याच्या ४० टक्क्यांच्या वर. इथे ए ची बाजू फारच लंगडी पडते. बी मध्ये ही काळजीच नाही कारण तुम्ही सगळा खर्च आजच्या भावात आजच करून टाकताय. फिक्स दराच्या करारासमोर एकदाच खरेदी करून मोकळं होण्याला जी किंमत आहे ती ना तुमच्या एनपीव्हीत दिसली ना भागीदाराच्या ईएएत.

पण ते "तीन वर्षं" आलं कुठून?

हे मी आधी विचारायला हवं असं बरेच जण म्हणतील, पण वरचा हिशोब झाल्याशिवाय या प्रश्नाची किंमत कळत नाही म्हणून आत्ता विचारतोय. ए तीन वर्षं चालतं म्हणजे नक्की काय? वॉरंटी तीन वर्षांची आहे? अकाउंटंटने घसाऱ्यासाठी तीन वर्षं धरलीत? की खरोखर तीन वर्षांनी मुख्य भाग झिजून मशीन टाकूनच द्यावं लागतं? या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोटेशनवर "लाइफ ३ वर्षं" एवढंच लिहिलेलं असतं.

कारण जर तिसऱ्या वर्षी ओव्हरहॉल करून तेच मशीन अजून दोन वर्षं ओढता येत असेल तर सगळं चित्र बदलतं. नवीन मशीन घ्यायचंच नाही. तिसऱ्या वर्षात उभं राहून पुढच्या दोन वर्षांची कमाई १८.५९, बी ला गाठायला ३.२० हवेत, म्हणजे ओव्हरहॉलवर तुम्ही १५.४ लाखापर्यंत खर्च करू शकता आणि तरी ए मागे पडत नाही. जुनं मशीन आहे, बंद जास्त पडेल, ११ ऐवजी ९ च हातात येतील असं धरा, तरी ओव्हरहॉलची मर्यादा साधारण १२ लाखापर्यंत येते. २० लाखाच्या मशीनचं ओव्हरहॉल १२ च्या आत बसत असेल तर ए बिनधास्त घ्या, विक्रीच्या किमतीची चिंता करायची गरजच नाही.

बी लाही हाच प्रश्न विचारा बरं का, फक्त उलट बाजूने: पाचही वर्षं १२.४ च येतील का? चौथ्या-पाचव्या वर्षी मेंटेनन्स वाढतो, मशीन बंद राहायचे दिवस वाढतात, आणि पाच वर्षं सपाट आकडा लिहिणं हे एक्सेलमध्ये सोपं असतं म्हणून लोक लिहितात. बी चे शेवटचे दोन आकडे १२.४ ऐवजी ११.५ केले तर बी चा एनपीव्ही साधारण १.१ लाखाने खाली येतो, आणि मग वरची ५.८ ची किंमत पण बरीच खाली येते. हे तुम्हीच करून बघा.

करार नसलेल्यांसाठी, आणि १२ टक्क्यांबद्दल

असे बरेच वाचक असतील ज्यांचं काम खरंच न संपणारं आहे. मशीन संपलं की नवीन घ्यायचंच, धंदा चालूच. त्यांच्यासाठी भागीदाराची मेथड बरोबर आहे, ईएएच काढायचा. पण त्यांनी एक गोष्ट बघावी आणि ती म्हणजे रेट.

१२ टक्के हा रेट तुम्ही कर्जाच्या व्याजावरून घेतला असेल किंवा भांडवलाच्या सरासरी खर्चावरून, तर त्याच्या पोटात महागाई आहे. बँक व्याज लावताना महागाई धरूनच लावते. आणि समोर तुम्ही काय ठेवलंय? पुढची पंधरा वर्षं मशीन २० लाखालाच मिळणार आणि कमाई ११ च राहणार. म्हणजे आकडे आजच्या भावातले आणि रेट महागाई धरलेला. हे दोन मिसळले की छोट्या आयुष्याच्या मशीनला फुकटचा फायदा मिळतो, कारण तुमच्या हिशोबात त्याची नवीन खरेदी दर वेळी महागाई न लागता होते आणि वर ती जास्त रेटने डिस्काउंटही होते.

महागाई ६ टक्के धरली आणि मशीनची किंमत आणि कमाई दोन्ही त्याच वेगाने वाढतील असं मानलं तर आजच्या भावातल्या आकड्यांना लावायचा रेट येतो १.१२ भागिले १.०६ वजा १, म्हणजे ५.६६ टक्के. (१२ मधून ६ वजा करून ६ घेतलं तर फार चुकत नाही, पण भागाकार करायला काही कष्ट नाहीत.) त्या रेटने तुमच्याच मशीनचं बघा:

```
=11-PMT(5.66%,3,-20)       3.56
=12.4-PMT(5.66%,5,-36)     3.93
```

निकाल उलटला. आता बी पुढे. मशीन तीच, कमाई तीच, फक्त रेट बदलला. तुमच्या केसमध्ये हा पालटायचा बिंदू साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे, त्याच्या वर ए, खाली बी. कारण साधं आहे, बी मध्ये पैसे आधी जास्त अडकतात आणि वसुली उशिरापर्यंत चालते, त्यामुळे रेट वाढला की बी चं भाडं ए पेक्षा वेगाने वाढतं. म्हणून ईएए काढणाऱ्याने निकाल सांगायच्या आधी रेट वर-खाली करून हा बिंदू कुठे आहे ते शोधावं. तो तुमच्या रेटपासून लांब असेल तर निवांत. आपल्या १२ आणि ५.६६ च्या मधे येऊन पडला असेल, जसा इथे पडलाय, तर आधी ठरवा की तुमचे कॅश फ्लो कुठल्या भावातले आहेत. आणि कमाई फिक्स पण मशीन महागणार अशी मिश्र परिस्थिती असेल तर यातला कुठलाच शॉर्टकट चालत नाही, वर्षावार ओळी लिहून काढायला लागतात, जसं आपण पाच वर्षांचं केलं.

भागीदाराच्या ए ची आघाडी तशीही वर्षाला २६ हजारच आहे. ए ची कमाई ११ ऐवजी १०.७४ निघाली, म्हणजे अंदाज अडीच टक्क्यांहूनही कमी चुकला, तरी ती आघाडी संपते. आपला वर्षाच्या कमाईचा अंदाज अडीच टक्क्यांच्या आत बरोबर येतो असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. तेव्हा दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवरून भागीदारी मोडू नका.

ए च्या बाजूने एक गोष्ट मात्र ईएए सांगत नाही ती मी सांगतो. ए घेतलं की तिसऱ्या वर्षी परत ए च घ्यायची सक्ती नसते. तोपर्यंत चांगलं मशीन आलं तर ते घ्याल, ग्राहक डळमळीत वाटला तर काहीच घेणार नाही. बी मध्ये ३६ लाख पहिल्याच दिवशी गेले, ग्राहकाने तिसऱ्या वर्षी करार मोडला तर तुम्ही दोन वर्षं जीव शिल्लक असलेलं मशीन धरून बसाल. ज्या धंद्यात मशीन पटापट जुनी होतात तिथे या मोकळेपणाची किंमत २६ हजारांपेक्षा बरीच जास्त असू शकते. तुमच्या करारात मुदतीआधी सोडण्याचं कलम आहे का आणि सोडलं तर भरपाई आहे का, ते एकदा वाचून घ्या, कारण मी वर जे पाच वर्षं पाच वर्षं म्हणतोय ते सगळं त्या कलमावर उभं आहे.

आता तुम्ही काय करा. ए च्या विक्रेत्याला आधी ओव्हरहॉलचं विचारा, तिसऱ्या वर्षी काय काय बदलावं लागेल आणि आजच्या भावात किती लागतील, लेखी. तो आकडा महागाई धरून १२ च्या आत राहत असेल तर ए. ओव्हरहॉल होतच नसेल तर त्यालाच विचारा की दोन वर्षं वापरलेलं मशीन तू परत कितीला घेशील आणि तीन वर्षांनंतरची नव्याची किंमत आज बांधून देशील का. त्याने २० ला बांधून दिली आणि बायबॅक ६ लाख किंवा वर लिहून दिला तरीही ए. या दोन्हीतलं काही मिळालं नाही तर तुमच्या करारासाठी बी घ्या, आणि त्याच्या विक्रेत्याकडून चौथ्या-पाचव्या वर्षाचा मेंटेनन्स करार आजच्या ऑर्डरमध्येच घालून घ्या. भाव करताना तुमची ताकद ऑर्डर देण्याच्या आधीच असते, ३६ लाख दिल्यावर कोणी ऐकत नाही.